आधी नीट होतं, मग बिघडलं

"लग्नाला दीड वर्ष झालं. पहिलं वर्ष ठीक गेलं, आता मिनिटभरातच वीर्यपतन होतं. सवय, टेन्शन की आजार?"

सोलापुरात माझ्याकडे चादर कारखान्यातला एक तरुण अशीच तक्रार घेऊन आला होता. मी आधी विचारलं, एकटा असताना किती वेळ लागतो? तेव्हा पुरेसा वेळ मिळत असेल, तर बहुधा पत्नीसमोरची धास्ती असते. पहिल्यापासून, दार वाजेल म्हणून घाईत उरकलं असेल, तर सवयीचा संशय येतो. त्याचं मात्र दोन्हीकडे अलीकडेच बिघडलं होतं. ताठरता शाबूत, पण हात थरथरायचे, वजन उतरलेलं. रक्ततपासणीत थायरॉईड वाढलेलं निघालं. ते औषधांनी आटोक्यात आल्यावर वेळही सुधारला. तुम्हाला लघवीला जळजळ किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर तेही सांगा, प्रोस्टेटची सूज तपासावी लागेल.