श्लेष गाळू नका, जागा बदला

"इंग्रजी जोकमधला श्लेष मराठीत येतच नाही, मग गाळून टाकायचा का?"

नाही हो, आधी जोक नेमका कुणाला टोचतोय ते बघा. हा जोक घ्या: हॉटेलात गिऱ्हाईक विचारतं हे काय, वेटर म्हणतो 'इट्स बीन सूप', गिऱ्हाईक म्हणतं आधी काय होतं ते नको, आत्ता काय आहे ते सांग. एक बीन म्हणजे घेवडा, दुसरं म्हणजे 'होतं', उच्चार जवळपास सारखाच. हे मराठीत मरणारच, पण सूप बेकार आहे हा टोमणा वाचवता येतो, कारण आपल्याकडे धान्य पाखडायचंही सूप असतं. वेटर म्हणतो "सूप आहे साहेब", गिऱ्हाईक म्हणतं "मग पाखडून आणायचं ना, खडे लागतायत!" फक्त पुढच्या संवादात घेवडा परत येतो का ते आधी तपासा, आला तर हा श्लेष तिथे अडकतो.