मदत हवी आहे: दुसऱ्या शाखेची बातमी दोन प्रकारच्या लोकांना कशी सांगू?

मंडळी, वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमचं मिठाईचं दुकान आहे. दसऱ्याला मांजलपूरला दुसरी शाखा उघडतोय. मागच्या आठवड्यात व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवर टाकलं, 'आता आम्ही मांजलपूरला!' दुसऱ्याच दिवशी एक काकू धापा टाकत आल्या, "अरे, दुकान हलवताय? मग माझ्या चिरोट्यांचं काय?" चूक माझीच. 'जुनं दुकान आहे तिथेच, त्याच वेळेत' हे पहिल्या ओळीत हवं होतं.

दुसरी गोम अशी की एका यादीत 256 जणच बसतात, आणि ज्यांनी आमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. मांजलपूरच्या नव्या लोकांकडे तो असणार कुठून? त्यांच्यासाठी पेपरात घालायचं गुजराती पत्रक करतोय. त्यात खुणेची जागा, वेळ आणि श्रीखंडाचा भाव एवढंच. उद्घाटनाची सवलत मात्र दोन्ही दुकानांत ठेवावी का? फक्त नव्या शाखेत दिली तर जुनी गिऱ्हाइकं रुसतील, दोन्हीकडे दिली तर मांजलपूरला येईल कोण?

शिवाय सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर पत्रक लावायला कोणाला विचारायचं, सेक्रेटरींना की वॉचमनला? तिकडचं कोणी असेल तर सांगा.