मदत हवी आहे: पणजी + गणेशगुडी, चार रात्री कशा वाटू?

सीमा_टिळकवाडी
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या मध्यात शनिवार ते बुधवार सुट्टी जमतेय, म्हणजे चार रात्री. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. गाडी घरची. बेळगावहून चोर्ल्याने पणजी, मग अनमोड घाट चढून गणेशगुडी आणि येताना रामनगर-खानापूर असा गोल काढलाय, म्हणजे त्याच रस्त्यानं परतायला नको. समुद्रकिनारा नकोच आहे, तो दरवर्षी होतो.

अडलंय ते वाटणीवर. ह्यांचं म्हणणं पणजीत तीन रात्री आणि रानात एक, कारण "रानात दिवसभर करायचं काय?" मला दोन-दोन बरं वाटतं. आणि आधी रान की आधी शहर?

बाळू_निपाणी
वैनी, एवढं लांब कशाला? आंबोलीला जावा की. आम्ही पावसाळ्यात जातो, धबधबा बघायचा, भजी खायची आणि रात्रीपर्यंत घरी. मुक्कामाचा खर्चच नाही.

सीमा_टिळकवाडी
अहो दादा, मुक्कामच करायचाय. आणि डिसेंबरात आंबोलीला धबधबा कुठला!

मांडवीकाठ
मिस्टरांचं बरोबर आहे. शहरात बघायला जास्त, म्हणून दिवसही जास्त. फोंताइन्हासच्या गल्ल्या, जुने गोवे, फेरीबोटीनं दिवाडी बेट, मार्केट. तीन रात्री सहज भरतात. आणि रान आधी उरका. शनिवार-रविवारी गोव्यात हॉटेलं महाग असतात, सोमवारी भाव उतरतो.

रानवाट_खानापूर
भावाचं खरं आहे, पण शनिवारी रात्री दांडेली-गणेशगुडीकडं राहून बघा. हुबळी, बेळगाव, पुण्याच्या गाड्या भरलेल्या असतात आणि बऱ्याच रिसॉर्टांत उशिरापर्यंत गाणी लावतात. पणजीत गर्दी झाली तरी शहर शहरच राहतं. रानात स्पीकर वाजला की तिथं जाण्यात अर्थच उरत नाही. म्हणून शनिवार-रविवार शहराला द्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

आता वाटणी. रानात दिवस मोजू नका ताई, सकाळी मोजा. जे दिसायचं ते उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि मग चारनंतर. मधल्या वेळात रान झोपलेलं असतं, मिस्टरांना कंटाळा येणार तो तेव्हाच. एक रात्र ठेवलीत तर एकच सकाळ मिळते, आणि तीही खोली सोडायच्या घाईत जाते. दोन रात्रींत दोन सकाळी: पहिली पक्ष्यांची, दुसरी काळी व्याघ्र प्रकल्पाच्या सफारीची.

असं करा. शनिवारी सकाळी निघून दुपारी पणजी, संध्याकाळी फोंताइन्हास. रविवारी सकाळी जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये प्रार्थना असते, म्हणून आधी दिवाडी आणि चर्च दुपारी. सोमवारी न्याहारी करून निघा, जेवणाच्या वेळेला गणेशगुडी. चारला ओल्ड मॅगझिन हाऊसला पक्ष्यांच्या पाणवठ्याजवळ बसा. सिमेंटच्या उथळ कुंडात बुलबुल, सातभाई एकामागून एक उतरतात, पंख फडफडवून पाणी उडवतात आणि हलका आवाज झाला तरी सगळे एकदम गायब. सासूबाईंना खुर्चीवर बसून दिसेल, चालायला लागत नाही. फक्त डिसेंबरात रानात अजून पाणी असतं, म्हणून कुंडावर उन्हाळ्याइतकी झुंबड नसते. मंगळवारी संध्याकाळी दांडेलीच्या लाकूड डेपोकडं कवड्या धनेश शोधा.

मांडवीकाठ
स्पीकरचं माझ्या लक्षात नव्हतं. पण मग रविवारी मार्केटची आशा ठेवू नका. पणजीत रविवारी बरीच दुकानं आणि बेकऱ्याही बंद असतात. पाव, बेबिंका घ्यायचा तर शनिवारी संध्याकाळीच.

सीमा_टिळकवाडी
म्हणजे शनिवारी लवकर निघायला हवं. ह्यांना वाचायला दिलं, "सकाळी मोजा" वर गप्प झालेत. राफ्टिंग मात्र हवंच म्हणतात. ते कुठं बसवू?

रानवाट_खानापूर
ते तुमच्या हातात नाही. सुपा धरणातून वीज करायला पाणी सोडतात तेव्हाच काळी नदी चढते, नाहीतर खडक उघडे पडतात. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारा, उद्या पाणी आहे का. आगाऊ पैसे भरून टाकू नका. असलं तर मंगळवारी मिस्टर जातील. मोठ्या टप्प्यावर नऊ वर्षांच्या मुलाला घेत नाहीत, त्याची समजूत आधीच घाला.

प्रवासी_शहापूर
माझ्या मते शेवट शहरात हवा. रानातून थेट घरी आलं की दुसऱ्या दिवशी ऑफिस नकोसं होतं.

रानवाट_खानापूर
ज्याची त्याची आवड. पण गणेशगुडीहून बेळगाव जवळ पडतं. बुधवारची सकाळसुद्धा सफारीला वापरून दुपारी निघता येतं. पणजीहून परत येताना तो घाट दमलेल्या अंगानं उतरा-चढायचा. मोबाईलची रेंज मात्र अधूनमधूनच, ऑफिसचे फोन असतील तर बघा.

सीमा_टिळकवाडी
बुधवारी ह्यांची अकराची ऑनलाइन मीटिंग आहे! आत्ता सांगतायत. रामनगरात रेंज धड येते का कुणाला माहीत आहे?