लग्नाच्या दिवशी ढोलाचं पान फुटलं तर? (कथेसाठी जाणकारांचे अनुभव हवेत)

मीनल
भोरच्या एका ढोलवाल्यावर कथा लिहिते आहे. मे महिना, पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या कार्यालयात गोरज मुहूर्ताचं लग्न, पाच वाजता नवरदेवाची मिरवणूक. सकाळी दहाला तो जीपमधून ढोल काढतो तर टिपरूच्या बाजूचं पान फुटलेलं. ढोल लाकडी, दोरीचा, दोन्ही पानं चामड्याची. सध्या मी असं लिहिलंय की तो बकऱ्याचं कातडं मिळवतो, भिजवतो, चढवतो आणि पाचला वाजवतो. ज्यांनी स्वतः पानं बदलली आहेत त्यांनी सांगा, हे होतं का? नसेल तर त्याने काय करावं?

अभिजित
होतं की. बकऱ्याचं कातडं पातळ असतं, दोन-तीन तासांत पाण्यात मऊ पडतं. कडेने कड्यावर गुंडाळायचं आणि ओलं असतानाच ढोलावर बसवायचं. ओल्यात फार ओढायचं नाही, वाळताना ते आपोआप आवळतं. मग शेगडीवर धरून वाळवायचं. हलगीवाले वाजवण्याआधी जाळावर शेकतातच ना!

दत्ताकाका
चढवण्याचं अभिजितने बरोबर सांगितलंय. शेगडीचं मात्र तसं नाही. हलगीचं कातडं आधीच पूर्ण वाळलेलं असतं, शेक देऊन फक्त हवेतली ओल घालवायची असते. ओल्या कातड्याला तीच आच दिली तर ते साधारण ६०-६५ अंशांपासून शिजायला लागतं. आक्रसतं, कडक होतं, डिंकासारखं चकाकतं, आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. शिवाय आचेकडची बाजू आधी आवळते आणि पान एकीकडे ओढलं जातं. टिपरू बसलं की तिथेच फाटतं. ओलं पान सावलीत, वाऱ्यावर, रात्रभर तरी वाळायला हवं. दहाला सुरुवात करून पाचला ते वाजणार नाही. दिसायला कोरडं दिसेल, पण कड्याखालचा दुमडलेला भाग ओलाच असेल आणि आवाज भद भद येईल.

मीनल, पान कुठे फुटलंय ते कथेत नक्की ठरव. मधोमध भोक असेल तर टिपरूच्या माराने झिजलेलं पान. कड्यालगत लांब चीर असेल तर कारण वेगळं. मे महिन्यात पूर्ण ताणलेला ढोल बंद जीपमध्ये राहिला, कातडं सुकत गेलं, आवळत गेलं, पण दोरी सुटायला जागा देईना. अशा वेळी कडेलाच चीर पडते. तुझ्या गोष्टीत हीच शोभते.

प्रिया
माझ्या मुलाच्या तबल्याची पुडी बदलायला दिली होती, दुकानदाराने चार दिवस सांगितले. ढोलाचं एका दिवसात कसं होईल?

दत्ताकाका
तबल्याच्या पुडीवर शाई असते, वाद्या ओवून ती स्वरात बसवावी लागते. ढोलाच्या पानाला ते काही नसतं. फायबरचं पान कड्यासकट तयार मिळतं, ते फक्त बसवायचं. तुझ्या माणसाला हाच एक रस्ता आहे.

सुहास
पण मापाला चुकला तर गेला. लाकडी पिंप कालांतराने थोडं लंबगोल होतं, म्हणून एकाच दिशेने व्यास मोजू नये. तोंडाभोवती सुतळी गुंडाळायची, तिची लांबी ३.१४ ने भागायची. सुतळी ६३ इंच भरली तर माप २० इंच. कड्याच्या आतला व्यास याहून साधारण पाव इंच जास्त हवा. नेमकं तेवढंच निघालं तर कडं पिंपाला घासतं आणि एका बाजूला अडकून बसतं. फार मोठं निघालं तर पान मधोमध राहत नाही. सगळ्यात खात्रीचं म्हणजे जुनं कडं काढून सोबत न्यायचं आणि दुकानात एकावर एक ठेवून बघायचं.

आणि वेळ सांभाळ. भोर ते पुणे पन्नासेक किलोमीटर. कापूरहोळला महामार्ग, पुढे खेड शिवापूर, कात्रज, स्वारगेट. जीपने दीड तास धर. पेठांतली बरीच दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात. त्याला एकच्या आत पोचलंच पाहिजे, नाहीतर चारनंतर पान हातात येईल आणि पाचला मिरवणूक. कथेतली खरी धावपळ इथे आहे.

मीनल
हे फार कामाचं आहे, आभार! मग तो भोरमध्येच दोरी सोडून कडं काढतो आणि निघतो. बदलताना नेमकं काय करतो?

दत्ताकाका
दोरी कापायची नाही. सोडण्याआधी ती कुठून कशी गेलीय त्याचा फोटो काढायचा. एकच दोरी दोन्ही पानांना धरून असते, म्हणून एक बाजू उघडली की दुसरीही सैल पडते. थापीचं पान जागेवरून हलू नये म्हणून ढोल त्या बाजूवर उभा ठेवायचा. मग पिंपाच्या कडेवरून बोट फिरवायचं. चिरफळी, खिळ्याचं टोक, काहीही लागलं तर पॉलिश पेपरने घासायचं. हे राहिलं तर नवं पानही तिथेच फाटेल.

पान ठेवून दोरी आधी हाताने सगळीकडून सारखी घ्यायची. कड्यापासून पिंपाच्या कडेपर्यंतचं अंतर बोटाने चारी बाजूंना बघायचं, सारखं हवं. मग ओढायला दोघं लागतात. एक गुडघ्याने ढोल दाबून दोरी ओढतो, दुसरा ओढलेली दोरी धरून ठेवतो. एका फेरीत सगळा ताण द्यायचा नाही, तीन फेऱ्यांत द्यायचा. मग प्रत्येक भोकाजवळ बोटाने टिचकी मारायची. जिथे आवाज खाली येतो तिथली दोरी सैल आहे.

सुहास
दोरीची लांबीही बघ. एका बाजूला १२ भोकं, पिंप २२ इंच लांब असेल तर २४ फेऱ्यांत साडेतेरा ते चौदा मीटर जाते, ओढायला दोनेक मीटर वर हवेत. जुनी दोरी घासलेली असेल तर तीही त्याच दुकानातून घेऊ दे. शेवटच्या फेरीत ती तुटली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

अभिजित
एका बाजूला फायबर आणि दुसरीकडे चामडं, आवाज जुळेल का? टिपरूची बाजू फारच पत्र्यासारखी वाजेल असं वाटतं.

दत्ताकाका
फायबर जरा कमी ताणलं तर खपतं. थापीचा दम चामड्याचाच राहतो, ते उलट बरं.

सुहास
माझ्या कानाला नाही पटत. कमी ताणलं तर टिपरू उसळत नाही आणि वाजवणाऱ्याचा हात लवकर भरून येतो. मी तर म्हणेन, वेळ असेल तर दोन्ही पानं बदलावीत.

मीनल
वेळ नाहीये त्याच्याकडे! परिच्छेद असा लिहिलाय:

"पावणेएकला त्याने जुनं कडं काउंटरवर ठेवलं. दुकानदाराने नवं पान त्यावर टेकवलं, फिरवलं, पुन्हा टेकवलं. 'हे बसेल,' तो म्हणाला, 'पण कड तपासल्याशिवाय चढवू नका.' अडीचला कार्यालयाच्या मागच्या पडवीत पहिली फेरी झाली, साडेतीनला तिसरी. ताशावाला दोरी धरून बसला होता. दहा मिनिटं वाजवल्यावर ढोलाचा आवाज खाली आला."

इथे अडकले. आवाज खाली का येतो आणि तो काय करतो?

दत्ताकाका
पान कड्यावर नीट बसतं आणि दोरी मार खाऊन थोडी लांबते, म्हणून. पहिल्यांदा हे होणारच. त्याने न घाबरता आणखी एक फेरी ओढावी, पाच-सात मिनिटांचं काम आहे. गोरज मुहूर्ताआधीची मिरवणूक, म्हणजे रात्री दहाची बंदीही आड येत नाही. मिरवणुकीत कुठेतरी पुन्हा आवाज उतरला तर ताशावाल्याला एकट्याला वाजवत ठेवावं आणि बाजूला होऊन तेवढीच सैल बाजू ओढावी.