अनुभव धागा: सोडलेली तंबाखू एकदा पुन्हा तोंडात गेली, त्या दिवशी काय केलंत?

धागा काढणारी, सांगली
दातांच्या ओपीडीत तंबाखू सोडणाऱ्यांशी बोलणं हे माझं काम. कशी सोडली ते सगळेच सांगतात. मला ऐकायचाय तो घसरलेला दिवस आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. "मोडलंच आहे, तर आता पुडी संपवू," इथंच बहुतेकांचं बिनसतं. एका चिमटीनं सवय परत येत नाही. उरलेल्या पुडीनं येते.

द्राक्षवाला, तासगाव
दिवाळीआधी सोडली होती. पूर्वी उठल्यावर अर्ध्या तासात चिमूट लागायचीच, म्हणून डॉक्टरांनी 4 मिलिग्रॅमचं निकोटीन गम दिलं होतं. बरं चाललंय म्हणून मीच ते कमी करत आणलं. मग बाग फुलोऱ्यात असताना पाऊस लागला. डाऊनी रोगाच्या धास्तीनं रात्रभर फवारणीचा ब्लोअर चालवला. पहाटे गड्यानं मळून हात पुढं केला आणि मी घेतली. डोकं गरगरलं, उचकी लागली. पूर्वी दिवसभर खाऊन काही व्हायचं नाही. निघताना त्यानं उरलेली पुडी आणि चुन्याची डबीही दिली.

घरी आल्याबरोबर बायकोला सांगितलं. ती चिडली नाही, एवढंच विचारलं, "गम कुठं होतं?" गम घरात कपाटात होतं आणि मी बागेत. पुडी तिच्यासमोर उकिरड्यात टाकली. त्या दिवसापासून गम पुन्हा ठरल्या वेळेला सुरू केलं आणि एक पट्टी फवारणीच्या जर्किनच्या खिशात कायमची ठेवली. गड्यालाही सांगितलं, मी मागितली तरी द्यायची नाही. पुढच्या फवारणीला पहाटे तलफ आलीच, पण गम तोंडात ठेवल्यावर थोड्या वेळात ओसरली.

रिक्षावाला, मिरज
तीन दिवस काढले की निकोटीन रक्तातून जातंय. पुढचं सगळं मनाचं. घसरला त्याचं मनच नव्हतं. गम मीबी खाल्लं, काय उपयोग झाला न्हाई.

धागा काढणारी
दादा, रक्ताचं तुमचं बरोबर आहे. पण वर्षानुवर्षं निकोटीन मिळाल्यावर मेंदूत त्याला पकडणाऱ्या जागा वाढलेल्या असतात आणि त्या पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण. चिडचिड, झोप न लागणं मात्र दोन ते चार आठवडे चालतं. शिवाय चहा झाला, जेवण झालं, शेजारी कुणी मळायला लागलं की तलफ येते, महिन्यांनंतरही. हा मनाचा कच्चेपणा नव्हे.

गम तुम्ही चहावर चघळत होतात का? चहानं तोंड आंबट होतं आणि निकोटीन नीट शोषलंच जात नाही. चुन्यानं नेमकं उलटं होतं, म्हणून मळलेली लगेच चढते. चहानंतर पंधरा मिनिटं थांबायचं. गम दोन-चारदा चावून झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, त्या गेल्या की पुन्हा चावायचं. एकसारखं चघळलं तर निकोटीन पोटात जाऊन मळमळतं. तंबाखू खाणाऱ्यांना गमचा फायदा सिगरेटवाल्यांइतका ठाम दिसलेला नाही, हेही सांगते. काहींना तो आधार ठरतो, काहींना दुसरं औषध लागतं, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

सासर विटा, माहेर जत
मिश्री यात धरतात का? सासरी माझी सुटलीय. माहेरी गेले की आई सकाळी तव्यावर तंबाखू भाजते. तो वास नाकात गेला की बोट आपोआप डबीकडं जातं. गेल्या खेपेला एकदा लावली. त्याच दुपारी ब्रश विकत आणला आणि दुसऱ्या दिवसापासून आईच्या आधी उठून दात घासून बसले. पण आईला कसं सांगू, भाजू नको म्हणून?

धागा काढणारी
ताई, मिश्री म्हणजे तंबाखूच, धरतात. आईंना सोडायला नका सांगू, भाजायचं तेवढं तुम्ही परतल्यावर करायला सांगून बघा. ऐकतील की नाही, ते तुम्हालाच माहीत.

कवठेमहांकाळ
वडील सकाळपासून पितात. उद्यापासून दारू एकदम बंद करावी म्हणतोय. एखादा दिवस घसरले तर चालेल ना?

धागा काढणारी
थांबा. रोज सकाळपासून पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर हातपाय थरथरतात, झटकेही येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांकडे न्या. इथं तंबाखूचं चाललंय, तिचा हिशोब दारूला लावू नका. तंबाखूसाठी सरकारचा मोफत नंबर 1800-11-2356.

रिक्षावाला, मिरज
चहावरच चघळत होतो, खरंय. उद्या थांबून बघतो. पण स्टँडवर चौघं मळत बसतात आणि नंबर सोडून उठलं की भाडं जातंय. तिथं काय करायचं, कुणी सांगेल का?