माठाचा उतारा आणि दहा मिनिटांत मोकळी होणारी दोन मुलं

मीनल (सध्या नागपूर):
मंडळी, नमस्कार. आईकडे धरमपेठेत आलेय, पारा 44 वर. आपल्या शनिवारच्या वर्गासाठी 'माठातलं पाणी गार का होतं' हा उतारा लिहिलाय, तो इथल्या बिल्डिंगमधल्या नऊ-दहा वर्षांच्या चार मुलांना देऊन पाहिला. उतारा थोडक्यात असा: माठाच्या मातीला बारीक छिद्रं असतात, पाणी त्यातून पाझरून बाहेर येतं, हवेत उडून जातं आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जातं. दोघांनी दहा मिनिटांत सगळं संपवलं. त्यांना आणखी पंधरा प्रश्न दिले, तर एक जण म्हणाला, "मावशी, लवकर झालं तर शिक्षा काहून?" काय सांगू त्याला? प्रश्न सोबत जोडलेत.

अभय:
पुढच्या इयत्तेचं दे की. बाष्पीभवनाची व्याख्या, सुप्त उष्मा, सूत्र, आकडेमोड. हुशार मुलांना तेच हवं असतं.

देशमुख काका (दुबई):
मीनल, बरं झालं विषय काढलास. नागपूरहून मांडीवर धरून आणलेला आमचा माठ इथे ऑगस्टात अजिबात गार करत नाही. तिकडे दात शिवशिवायचे! सौ. म्हणते छिद्रं बुजली. पांढरा थर दिसला म्हणून ब्रशने घासला, किंचित फरक वाटला. नवा आणावा का?

वृषाली:
काका, मीनलचं विचारणं वेगळं होतं. पण तुमचा माठ तिच्या पंधरा प्रश्नांपेक्षा कामाचा आहे.

मीनल, तुझे प्रश्न वाचले. 'माठाला काय असतं?' याचं उत्तर ओळ सापडली की संपलं. असे पंधरा दिले तर काम वाढतं, विचार वाढत नाही. तो मुलगा बरोबरच बोलला. सातवा, माठ किती तापमानाला भाजतात, हा दुसऱ्या टोकाचा. तो उतारा न वाचलेल्या कुंभाराच्या मुलाला येईल आणि वाचणाऱ्याला येणार नाही. मी एक साधी परीक्षा घेते: उतारा न दाखवता एखाद्या मुलाला प्रश्न विचारायचा. तितकंच चांगलं उत्तर आलं, तर तो प्रश्न उताऱ्याचा नव्हेच.

उताऱ्यातल्या साखळीची एकच कडी हलव. 'माठाला बाहेरून ऑइलपेंट लावला तर?' उत्तराखाली उताऱ्यातलं वाक्य अधोरेखित करायला लाव, नाहीतर नुसत्या कल्पना येतात.

मग काकांचा माठ दे. कारणं दोन असू शकतात, थर किंवा दमट हवा. कुठलं कारण साखळीच्या कुठल्या जागी बसतं, आणि खरं कुठलं हे घरच्या घरी कसं ओळखायचं? थर असेल तर पाझरणंच अडेल आणि माठ बाहेरून कोरडा राहील. हवा दमट असेल तर माठ ओला दिसेल, पण पाणी उडणार नाही. 'दमट हवेमुळे' एवढंच लिहिलं तर अर्धं उत्तर. उडणं थांबलं म्हणून उष्णता आतच राहिली, इथपर्यंत आलं की पूर्ण. हे आधीच लिहून ठेव, नाहीतर तपासताना अक्षर बघून गुण जातात.

अभय, आकड्यांचं तुझं पटलं, व्याख्येचं नाही. उताऱ्याखाली दोनच ओळी द्यायच्या. मे: हवा 44 अंश, आर्द्रता 15 टक्के, ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर साधारण 23. जुलै: 32 अंश, 80 टक्के, साधारण 29. मग विचारायचं, माठातलं पाणी कुठल्या महिन्यात जास्त गार, आणि किती गार होऊ शकेल? फडक्याच्या आकड्याखाली ते जात नाही. माठ बहुधा त्याच्या थोडा वरच थांबतो.

मीनल:
काल करून पाहिलं. ऑइलपेंटवर एकाने लिहिलं, "उष्णता आत येणार नाही, म्हणून जास्त गार." वाक्य दाखव म्हटलं तर बोट उताऱ्यावरून दोनदा फिरलं आणि त्याने स्वतःच खोडलं. दुसरा म्हणाला, "आतून लावला तरी तेच होईल." हे मला सुचलं नव्हतं.

पण काकांचा माठ सोडवला तिसऱ्या मुलीने, जी वाचायला सगळ्यात हळू आहे. म्हणे, "जुलैत आमच्या कूलरची खस ओलीच असते, हवा मात्र चिपचिप." मग हे प्रश्न फक्त त्या दोघांनाच का द्यायचे?

अभय:
सगळ्यांनाच दे.

वृषाली:
ऑइलपेंट सगळ्यांना. आकडे मात्र मागेल त्यालाच. पाऊण तासाच्या वर्गात चौघांना तिन्ही दिलेस तर उतारा वाचायलाच वेळ उरणार नाही.

मीनल:
मागेल तो, की मी निवडेन तो? ती मुलगी कधीच काही मागत नाही.

देशमुख काका:
आत्ता हात लावून पाहिला. बाहेरून चांगला ओला आहे. पण मग घासल्यावर किंचित फरक का वाटला? आणि सौ.ला कोण सांगणार?