मदत हवी आहे: ६२४ लिंका पाहून पुढची लिंक कशी ओळखली?

पार्लेकर_विंगेतून
आमच्या पार्ल्यातल्या नाट्यसंस्थेची तिकिटांची साइट मी पायथनमध्ये लिहिली आहे. पासवर्ड विसरला की मेलवर लिंक जाते, तिच्या शेवटी `random.getrandbits(32)` मधून आलेला आकडा असतो. काल टेस्ट साइटवर एका मित्राने स्वतःच्या खात्यावरून लागोपाठ ६२४ वेळा लिंक मागवली आणि मग माझ्या खात्याची लिंक मी मेल उघडायच्या आत सांगून दाखवली. सर्व्हरला हात न लावता! आकड्यांची रांग २^१९९३७ − १ आकड्यांनंतरच पुन्हा सुरू होते ना? मग जमलं कसं?

खोडसाळ_बिट
रांग लांब असली म्हणून पुढचा आकडा लपत नाही. `random` मागे आकडे बनवणाऱ्या मर्सेन ट्विस्टरच्या पोटात ३२ बिटांचे ६२४ आकडे असतात. त्यातला एकेक तो घुसळून बाहेर देतो आणि ही घुसळण उलटी करता येते. शेवटची पायरी बघा:

```
y ^= y >> 18
```

यात वरचे १८ बिट जसेच्या तसे राहतात, त्यांच्यावरून खालचे १४ परत मिळतात. आधीच्या तीन पायऱ्याही अशाच तुकड्या-तुकड्याने सुटतात. म्हणजे ६२४ लिंकांत अख्खं पोट हाती आलं. पुढचा आकडा ६२४, ६२३ आणि २२७ घरं मागच्या आकड्यांवरून बनतो, त्यात गुपित काहीच नाही.

चहा_कमी_साखर
सोप्पं आहे. आकड्याचा एसएचए-२५६ हॅश लिंकमध्ये टाका, तो उलटा करता येत नाही.

खोडसाळ_बिट
अर्धं बरोबर. उलटा होत नाही, पण आत ३२ बिटच आहेत. सुमारे ४२९ कोटी आकड्यांचे हॅश एकदा काढून ठेवले की प्रत्येक लिंकमागचा आकडा नुसता शोधायचा.

बी_विंग_४०२
आमच्या गोरेगावच्या सोसायटीत पार्किंगची सोडत `random.shuffle` ने काढली. रद्द करायला लावू का?

खोडसाळ_बिट
या कारणासाठी नको. पायथन सुरू होताना बीज ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतो, आणि त्याआधीचे आकडे कुणी पाहिलेलेच नाहीत. सेक्रेटरींनी ती कितीदा चालवली, हे मात्र विचारा.

पार्लेकर_विंगेतून
टेस्टवर एकच प्रोसेस होती, खऱ्या साइटवर चार आहेत. मग धोका टळला ना?

खोडसाळ_बिट
चार वेगळ्या रांगा एकमेकींत मिसळून येतील, त्यामुळे काम किचकट होईल. अशक्य होईल असं मी म्हणणार नाही. त्यापेक्षा हे करा:

```python
import secrets
token = secrets.token_urlsafe(32)
```

हे बिट ऑपरेटिंग सिस्टिमकडून येतात, ते पाहून पुढचे काढता येत नाहीत. न वापरलेल्या जुन्या लिंकाही बाद करा. ट्विस्टर मागेही फिरवता येतो.

पार्लेकर_विंगेतून
बदललं. पण तिकिटांवरचे क्रमांकही त्याच `random` मधून जातात, हे आत्ता लक्षात आलं. शनिवारच्या प्रयोगाची तिकिटं तर लोकांच्या हातात आहेत. त्यांचं काय करू?